वायफायवर नॅस रखडतो? पाकीट उघडण्यापूर्वी हे तपासा

घरात नॅस आणला, लॅपटॉपवरचे 200 जीबी फोटो त्यावर चढवायला घेतले आणि पडद्यावर ‘तीन तास बाकी’ असं दिसलं, की बहुतेक जण इंटरनेट कंपनीला फोन करून मोठा प्लॅन घेतात. हे पैसे वाया जातात. लॅपटॉपवरून नॅसकडे जाणारी फाइल घराबाहेर पडतच नाही. ती लॅपटॉप, राउटर आणि नॅस एवढाच प्रवास करते. त्यामुळे 100 एमबीपीएसचा प्लॅन 300 चा केला तरी या कामात काडीचाही फरक पडत नाही.

खोक्यावरचा आकडा आणि हातात पडणारा वेग

वायफायचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर फाइल कॉपी होताना पडद्यावर मेगाबाइट दिसतात. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून पहिल्या आकड्याला आठाने भागायचं. वायफाय 5 च्या साध्या लॅपटॉपवर 866 एमबीपीएस दिसतं, म्हणजे कागदावर सेकंदाला 108 मेगाबाइट. प्रत्यक्षात राउटर त्याच खोलीत असला तरी 60 च्या आसपास मिळाले तर समाधान मानावं. हवेत एका वेळी एकालाच बोलता येतं. प्रत्येक तुकड्याची पोच यावी लागते, आणि घरातले मोबाइल, टीव्ही व त्याच चॅनलवरचे शेजाऱ्यांचे राउटर त्याच वेळेत वाटा मागतात. मध्ये भिंत आली की यंत्रं आपणहून वेग उतरवतात. लॅपटॉपने चुकून 2.4 गिगाहर्ट्झचं नेटवर्क पकडलं असेल, तर फ्लॅटच्या गर्दीत 5 ते 8 मेगाबाइटवरच गाडी अडते.

केबलचं गणित सरळ आहे. गिगाबिट केबलवर सेकंदाला साधारण 110 मेगाबाइट मिळतात आणि ते शेवटपर्यंत टिकतात.

तीन तासांचं उदाहरण

समजा, ठाण्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. फायबर आणि मुख्य राउटर हॉलमध्ये आहे. मेशचं दुसरं युनिट बेडरूममध्ये असून नॅस केबलने त्याला जोडला आहे. लॅपटॉप हॉलमध्ये आहे. नॅसला केबल आहे म्हणून सगळं ठीक वाटतं, पण फाइल आधी लॅपटॉपवरून राउटरकडे हवेतून जाते आणि मग राउटरवरून बेडरूमच्या युनिटकडे पुन्हा हवेतूनच जाते. दोन्ही फेऱ्या एकाच बँडवर असल्या की वेग निम्म्यावर येतो, आणि दुसऱ्या फेरीत काँक्रीटची भिंतही लागते. सेकंदाला 18 मेगाबाइट मिळाले तर 200 जीबीला तीन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो.

आता नॅस उचलून हॉलमध्ये मुख्य राउटरशेजारी ठेवा आणि त्याच्यासोबत आलेल्या केबलने राउटरला जोडा. हवेतली एक फेरी संपली. लॅपटॉप त्याच खोलीत 5 गिगाहर्ट्झवर असेल आणि 60 मेगाबाइट मिळाले, तर तेच काम 55 मिनिटांत होतं. खर्च शून्य. लॅपटॉपलाही केबल लावली तर अर्ध्या तासात उरकतं.

दोष कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ही आज्ञा द्या:

```
netsh wlan show interfaces
```

यात चॅनल आणि `Transmit rate (Mbps)` दिसतं. चॅनल 1 ते 13 मधलं असेल तर तुम्ही 2.4 गिगाहर्ट्झवर आहात. राउटरजवळ 866 दिसतं आणि तुमच्या टेबलावर 200, तर दोष जागेचा आहे.

त्यानंतर नॅस आणि लॅपटॉप दोन्हीवर `iperf3` टाकून फक्त वाट मोजा. नॅसवर पहिली ओळ चालवा, लॅपटॉपवर दुसरी. पत्ता तुमच्या नॅसचा घाला:

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.50
```

इथे आकडा कमी आला तर दोष वायफायचा किंवा केबलचा. इथे 900 एमबीपीएस येऊनही कॉपी हळू होत असेल, तर वाट मोकळी आहे. मग डिस्क तपासा किंवा फाइलींची संख्या पाहा. काही केबींच्या हजारो फाइली असल्या की प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यातच वेळ जातो आणि केबलही फारशी मदत करत नाही. अशा फाइलींची एकच झिप करून पाठवणं बरं.

खर्च किती?

पुढचे भाव ढोबळ आहेत. दुकान आणि ब्रँडनुसार ते बदलतील.

- नॅस राउटरशेजारी नेणं, राउटर टीव्ही युनिटच्या कप्प्यातून काढून उघड्यावर छातीच्या उंचीवर ठेवणं, 5 गिगाहर्ट्झला वेगळं नाव देणं: काहीच खर्च नाही.
- पाच मीटरची तयार कॅट 6 केबल: 200 ते 400 रुपये.
- लॅपटॉपला केबलची खाच नसेल तर यूएसबी 3.0 चं गिगाबिट अडॅप्टर: 1,000 ते 1,500 रुपये.
- राउटरच्या खाचा कमी पडल्या किंवा त्या 100 एमबीपीएसच्याच असल्या तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच: 1,000 ते 1,500 रुपये.
- हॉल ते बेडरूम कायमची केबल, मजुरीसह: 1,500 ते 3,000 रुपये.
- वायफाय 6 चा दोन युनिटचा मेश संच: 8,000 रुपयांपासून पुढे.

कायमची केबल टाकताना इलेक्ट्रिशियनला जुन्या टेलिफोनच्या पाइपातून जाता येतं का ते बघायला सांगा. विजेच्या तारांच्या पाइपात ती घालू देऊ नका. केबल शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण सहज तुटते. काम झाल्यावर विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये `1000/1000 (Mbps)` दिसतं का ते बघूनच पैसे द्या. 100/100 दिसलं तर एखादी जोडी तुटली आहे, प्लग नीट बसलेला नाही किंवा पुढची खाच जुनी आहे. अशा केबलवर 11-12 मेगाबाइटच मिळतील, म्हणजे चांगल्या वायफायपेक्षाही कमी.

केबल कोणाला नको?

नॅसचा उपयोग मोबाइलच्या फोटोंचा रात्रीचा बॅकअप आणि टीव्हीवर सिनेमा पाहण्यापुरता असेल, तर भिंती फोडू नका. ‘फोर-के’ सिनेमालाही सेकंदाला दहा-बारा मेगाबाइटपेक्षा जास्त क्वचितच लागतात. तिथे नॅस राउटरला जोडलेला असणं पुरे. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी, रोज 50-100 जीबी हलवणाऱ्यांनी मात्र कामाच्या टेबलापर्यंत केबल नेलीच पाहिजे. मेश आधीच घेतला असेल, तर त्याची दोन युनिटं केबलने जोडली की हवेतली दुसरी फेरी वाचते.

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी नॅस मुख्य राउटरशेजारी, मग पहिल्या मोठ्या कॉपीपुरती लॅपटॉपला केबल, आणि रोजच्या कामाला वेग कमीच पडला तर कायमची केबल. नवा राउटर सगळ्यात शेवटी. इंटरनेटचा प्लॅन या यादीत नाहीच.