दंडांसाठी सहा आठवडे

प्रश्न : तीन वर्षं जिम करतोय. छाती-पाठ भरली, दंड मात्र मागेच राहिले. सहा आठवडे हातांवर भर दिला तर बाकीचं कमावलेलं जाईल का?

उत्तर : जाणार नाही, पण अट एकच : बाकीच्या स्नायूंचे सेट कमी करा, वजन कमी करू नका. समजा, तुम्ही छातीचे आठवड्याला १२ सेट करता आणि बेंच प्रेसला ६० किलोचे आठ रेप्स काढता. आता सेट चारच करा, पण ६० किलोनेच. पाठ आणि पायांनाही हाच हिशेब लावा. यातून वाचलेली ताकद आणि वेळ हातांना द्या.

बायसेप्स आणि ट्रायसेप्सचे प्रत्येकी आठ सेट होत असतील, तर पहिल्या आठवड्यात दहा करा आणि पाचव्यापर्यंत हळूहळू चौदावर न्या. ते तीन दिवसांत वाटा. एकाच दिवशी उरकले तर शेवटचे सेट नुसते ओढाताणीचे होतात. सहाव्या आठवड्यात सेट निम्मे करा.

आधी कुरकुरतं ते कोपर. सकाळी पाण्याची बादली उचलताना तिथे कळ आली, तर दोन-तीन सेट कमी करा आणि सरळ बारऐवजी डंबेल घ्या. बेंचला आठाचे सहा रेप्स झाले आणि पुढच्या आठवड्यातही तेच राहिलं, तर छातीचे दोन सेट वाढवा.

दंडाचं माप सकाळी, व्यायामाआधी घ्या. व्यायामानंतरचा फुगवटा काही तासांत उतरतो.