645 फुटांच्या फ्लॅटमध्ये 388 फूट

डोंबिवली पूर्वेला भाच्यासाठी वन बीएचके पाहत होतो. एजंट म्हणाला, “काका, 645 चा फ्लॅट, भाव आठ हजार.” म्हणजे 51 लाख 60 हजार. ठाण्यातल्या दुसऱ्या फ्लॅटचा भाव मात्र कार्पेटवर सांगितला होता. तुलना करायची तर दोन्ही फ्लॅट एकाच मापावर आणायला हवे होते, म्हणून नकाशा मागितला.

नकाशावर भिंतीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मापे घ्यावीत. हॉल 4.50 × 3.00, बेडरूम 3.30 × 3.00, किचन 2.70 × 2.10 मीटर. त्यात बाथरूम, संडास आणि पॅसेज मिळवल्यावर 34.83 चौरस मीटर झाले. रेरा कायद्याप्रमाणे खोल्यांमधल्या भिंतीही कार्पेटमध्ये धरतात. त्या सुमारे 12 मीटर लांब आणि 10 सेंटिमीटर जाड, म्हणजे 1.20 चौरस मीटर. एकूण 36.03. याला 10.764 ने गुणले की 388 चौरस फूट. बाहेरच्या भिंती, डक्ट, फ्लॅटची स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची यात येत नाहीत.

बिल्टअपसाठी बाहेरच्या भिंती मिळवल्या. शेजाऱ्याशी सामाईक भिंतीची निम्मीच जाडी धरली. ते 3.70 आणि बाल्कनीचे 3.00 धरून 42.73 चौरस मीटर, म्हणजे 460 फूट झाले.

उरलेले 185 फूट जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा म्हणून चढवलेले. हे सुपर बिल्टअप एका फ्लॅटच्या नकाशावरून मोजताच येत नाही. कायद्यात त्याची व्याख्या नाही आणि वाटा विकणाराच ठरवतो. एजंटने लोडिंग 40 टक्के सांगितले. ते बिल्टअपवर बरोबर होते, पण कार्पेटवर तेच 66 टक्के होते. कार्पेटवर भाव पडत होता फुटाला सुमारे 13,300 रुपये. म्हणून लोडिंगचा आकडा ऐकला की ‘कशावर?’ हे आधी विचारा.

मोजताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, हॉलमध्ये घेतलेली बाल्कनी. जागेवर हॉल मोठा दिसतो, पण मंजूर नकाशात बाल्कनीची रेघ वेगळी असते. कार्पेट त्या रेघेच्या आतलेच धरा. दुसरी, ब्रोशरमधला नकाशा. त्यातली मापे कधी भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत असतात. अशा मापात 10 सेंटिमीटरच्या भिंतींची तीन मीटरची खोली प्रत्यक्षात 2.90 भरते. शिवाय गिलाव्यात थोडी जागा जाते. म्हणून महापालिकेचा मंजूर नकाशा घ्या आणि शक्यतो पालिकेतूनच त्याची खात्री करा. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींना बनावट परवानग्यांवर महारेरा नोंदणी मिळाल्याचे उघड झालेले आहे.

नव्या इमारतीत करारात कार्पेट चौरस मीटरमध्ये लिहिलेले आहे का ते पाहा, आणि बाल्कनीचे माप वेगळे लिहून घ्या. महारेराच्या नमुना करारात कार्पेटमध्ये 3 टक्क्यांपर्यंतच फरक चालतो. या मर्यादेतही कार्पेट कमी भरले तर जास्तीचे पैसे व्याजासह परत मागता येतात. त्यासाठी ताबा घेताना टेप घेऊन खोल्या मोजा आणि आकडे करारातल्या मापांशी ताडून पाहा.