अरुंद खोलीचे छायाचित्र आणि कामाच्या चिठ्ठीतील शब्द

घराच्या आतील भागाचे छायाचित्र करवून घेताना 'वाइड लेन्स वापरा' एवढीच सूचना अपुरी ठरते, कारण रुंद दृश्य टिपणाऱ्या भिंगांचे दोन निराळे प्रकार आहेत आणि खोलीचा आकार ते दोन निराळ्या रीतींनी कागदावर उतरवतात. पहिला प्रकार सरळरेषी वाइड अँगल भिंगाचा. त्यात भिंतीची कड, खांब आणि तुळई सरळच राहतात, परंतु चित्राच्या कडेकडील वस्तू बाहेरच्या दिशेने ताणल्या जातात. दुसरा प्रकार फिशआय, म्हणजे मत्स्यनेत्री भिंगाचा. त्यात कडेच्या लहान वस्तूंचा आकार तुलनेने बरा टिकतो, परंतु चित्राच्या मध्यातून न जाणारी प्रत्येक सरळ रेषा धनुष्यासारखी वाकते. गोल वस्तू गोल आणि सरळ रेषा सरळ, या दोन्ही गोष्टी कडेपर्यंत एकाच सपाट चित्रात राखता येत नाहीत, आणि म्हणून यांपैकी काय राखायचे हे काम सांगणाऱ्यानेच आधी ठरवून लिहिणे आवश्यक असते.

बीड जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरांची छायाचित्रे करवून घेताना प्रस्तुत लेखकाच्या हातून नेमकी हीच चूक घडली. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर माती घालून केलेले सपाट छत. अशा घरांच्या भिंती जाड, दारे अरुंद आणि खोल्या बहुधा लहान असतात. छायाचित्रकारांना दिलेल्या चिठ्ठीत 'खोली अरुंद आहे, १६ मिमी वाइड लेन्सने सगळे घर येऊ द्या' असे लिहिले होते. एकाने १६ मिमीचे फिशआय भिंग लावले, त्यामुळे दाराची चौकट आणि छताच्या तुळया कमानीसारख्या वाकल्या. दुसऱ्याने १६ मिमीचे सरळरेषी भिंग लावले, त्यात रेषा सरळ राहिल्या, पण कोपऱ्यातील उतरंडीची गोल मडकी आडवी अंडाकृती झाली आणि उतरंडीशेजारी बसलेल्या वृद्ध बाईंचा खांदा दीडपट रुंद दिसू लागला. तिसऱ्याचा कॅमेरा लहान संवेदकाचा, म्हणजे एपीएस-सी प्रकारचा होता. अशा बहुतेक कॅमेऱ्यांवर दृश्याची रुंदी दीडपटीच्या हिशेबाने घटते, म्हणून त्याचे १६ मिमीचे भिंग फुल फ्रेमवरील २४ मिमीएवढेच दृश्य देत होते. चिठ्ठीतील एकाच आकड्यातून तीन चित्रे निघाली आणि ती एकमेकांशेजारी ठेवून घरांची तुलना करणे अशक्य झाले. चित्र पाहून घरच्या सुनेने 'आमच्या आत्याबाई एवढ्या रुंद कुठं हायेत?' असे विचारले, आणि त्या प्रश्नाला चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे उत्तर नव्हते.

कडेचा हा ताण भिंगाच्या दोषातून येत नाही, तर सपाट चित्रावर तिरक्या कोनातून पडणाऱ्या किरणांमुळे येतो. चित्राच्या मध्यावर ठेवलेले मडके गोल दिसते. ते जसजसे कडेकडे सरकते तसतसा त्याचा आकार लांबट होत जातो. फुल फ्रेमवरील १६ मिमी भिंगात डाव्या किंवा उजव्या कडेवरील गोल वस्तू उंचीच्या सुमारे १.५ पट रुंद दिसते, तर २४ मिमीमध्ये हेच प्रमाण १.२५ इतके असते. त्याच २४ मिमी भिंगात वस्तू मध्य आणि कड यांच्या बरोबर अर्ध्या वाटेवर असेल, तर प्रमाण अवघे १.०७ भरते, जे सहसा डोळ्याला जाणवत नाही.

येथे स्वाभाविक शंका येते, की २४ मिमी घेतल्यास अरुंद खोली चित्रात मावेल काय. १२ फूट लांब आणि १० फूट रुंद अशी खोली घेऊन, तिच्या आखूड भिंतीच्या मध्यावर ३ फूट मोकळ्या रुंदीचे दार आहे असे धरले, तर हिशेब स्पष्ट होतो. छायाचित्रकार खोलीच्या आत, दाराच्या भिंतीपासून १ फुटावर उभा राहून १६ मिमी लावतो, तेव्हा बाजूच्या भिंती दारापासून सुमारे साडेपाच फुटांनंतर दिसू लागतात. तोच कॅमेरा खोलीबाहेर, भिंतीच्या आतल्या कडेपासून २ फूट मागे नेला आणि २४ मिमी लावले, तर त्या भिंती सुमारे पावणेपाच फुटांपासूनच दिसतात, आणि दाराची चौकट दृश्याच्या कडेला नेमकी टेकते, आत शिरत नाही. म्हणजे भिंग अधिक रुंद करून जे मिळवायचे होते, ते दारातून दोन पावले मागे सरून अधिकच मिळते आणि ताणही कमी होतो. कॅमेरा आणखी मागे गेला तर चौकट दृश्य कापू लागते, आणि दार कोपऱ्यात असल्यास हा हिशेब पुन्हा करावा लागतो, ही त्याची मर्यादा होय.

बिघाड नेमका कोणता हे जागेवरच ओळखता येते. सरळ खांब वाकलेला दिसत असेल, तर भिंग फिशआय आहे किंवा सरळरेषी भिंगात पिंपासारखी फुगवट आहे. ही फुगवट त्या भिंगासाठी तयार असलेल्या संगणकीय दुरुस्तीने काढता येते. खांब सरळ आहे, पण दोन्ही बाजूंचे खांब वर एकमेकांकडे झुकलेले आहेत, असे असल्यास कॅमेरा वर कललेला आहे. अशा वेळी कॅमेरा समतल करून छताच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे ८ फुटी छतासाठी ४ फुटांवर ठेवावा. खांब सरळ आणि उभे, पण मडके मात्र अंडाकृती, असे दिसल्यास तो कडेचा ताण होय. फुगवट काढणारी दुरुस्ती त्याला लागू पडत नाही, आणि ताण काढणारी वेगळी दुरुस्ती वापरल्यास त्या बदल्यात रेषा वाकू लागतात. म्हणून मोजपट्टी म्हणून एखादे गोल मडके किंवा ताट कडेला ठेवून त्याची रुंदी आणि उंची पडद्यावर मोजावी, आणि माणसे व गोल वस्तू कडेपासून आत घ्याव्यात.

फिशआय सर्वस्वी त्याज्य आहे असा याचा अर्थ नाही. छताकडे सरळ वर पाहून एकाच चित्रात चारही भिंती दाखवायच्या असतील, तर ते योग्य साधन ठरते. मात्र बीड शहरातील कंकालेश्वर मंदिरासारख्या दगडी मंडपातील खांबांची नोंद घ्यायची असेल, तर वाकलेल्या खांबांवरून त्यांच्या घडणीची तुलना करता येणार नाही, हे लक्षात ठेवणे इष्ट.

पुढील घरांसाठी चिठ्ठीचे शब्द बदलले गेले आणि ते असे होते: 'सरळरेषी वाइड लेन्स, फिशआय नको, फुल फ्रेमच्या हिशेबाने २४ मिमी, एपीएस-सी असल्यास १६, कॅमेरा दाराच्या भिंतीच्या आतल्या कडेपासून २ फूट मागे, जमिनीपासून ४ फुटांवर, समतल, माणसे आणि उतरंड चित्राच्या मधल्या अर्ध्या भागात, कडेला फक्त भिंत आणि जमीन.' या चिठ्ठीवरून निरनिराळ्या हातांनी काढलेली चित्रे एकमेकांशी जुळली, आणि त्यांत उतरंडीची मडकी गोल राहिली.