दाढीतला कोंडा आणि खाज: काय करावे, काय टाळावे

काय करावे

*कोंडा ओळखताना*

- दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभे राहा आणि हनुवटीखालचे केस बोटांनी बाजूला करून कातडी पाहा; कोंडा केसांत दिसतो, पण सुटतो कातडीवरून.
- एक पापुद्रा चिमटीत धरून चोळा: तो पिवळसर आणि चिकट आहे की पांढरा आणि भुकटीसारखा, यावरून पुढचे उपाय ठरतात.
- पापुद्रा चिकट आणि खालची कातडी लालसर असेल, तर भुवया, नाकाच्या कडा, कानामागची घडी आणि डोकेही तपासा. तिथेही तेच दिसले तर हा बहुधा सेबोऱ्हिक डर्मटायटिस आहे.
- चिकट कोंड्यात उपाय बुरशीवर करा. मॅलासेझिया ही बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते आणि तिथल्या तेलावर जगते.
- पापुद्रे पांढरे, कोरडे असतील आणि तोंड धुतल्यावर कातडी ओढल्यासारखी वाटत असेल, तर सर्वात आधी साबण बदला.
- श्रावणात किंवा एरवी नुकतीच दाढी सोडली असेल आणि कातडी स्वच्छ असूनही टोचत असेल, तर दोन-तीन आठवडे थांबा. वस्तऱ्याने कापलेली धारदार टोके केस वाढले की टोचेनाशी होतात.

*धुताना*

- चिकट कोंड्यात दाढी रोज एकदा धुवा, म्हणजे तेल साचत नाही.
- कोरड्या कोंड्यात क्लीन्झर एक दिवसाआड वापरा आणि मधल्या दिवशी नुसत्या पाण्यावर भागवा.
- साबणाऐवजी सौम्य, बिनवासाचे क्लीन्झर घ्या. अंगाचा साबण अल्कधर्मी असतो आणि चेहरा कोरडा पाडतो.
- पाणी कोमट ठेवा, थंडीच्या दिवसांतही.
- बोटांची पेरे केसांखाली नेऊन कातडीवर गोल फिरवा. फेस वरच्यावर राहिला तर कातडी तशीच राहते.
- हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेला पाणी दोनदा सोडा. दाट दाढीत साबणाचा अंश तिथेच अडकतो.
- घाम आल्यावर दाढी साध्या पाण्याने खंगाळा आणि हेल्मेटचा पट्टा आठवड्यातून एकदा धुवा.

*औषधी शाम्पू लावताना*

- चिकट कोंड्यासाठी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारून केटोकोनाझोल २ टक्के असलेला शाम्पू घ्या. तो थेट बुरशीवर काम करतो.
- आठवड्यातले दोन वार ठरवा, समजा सोमवार आणि गुरुवार, आणि चार आठवडे ते चुकवू नका.
- आधी दाढी पूर्ण ओली करा, मग थोडा शाम्पू तळहातावर फेसून तो कातडीपर्यंत पोहोचवा.
- घड्याळ लावून ५ मिनिटे थांबा आणि मगच धुवा. लगेच धुतलेल्या शाम्पूला काम करायला वेळच मिळत नाही.
- डोळे मिटून आणि मान पुढे झुकवून धुवा, म्हणजे फेस डोळ्यांत जात नाही.
- डोक्यातही कोंडा असेल तर त्याच दिवशी तोच शाम्पू डोक्यालाही लावा. बुरशी दोन्हीकडे तीच आहे.
- उरलेले पाच दिवस रोजचे सौम्य क्लीन्झर वापरा.
- दर रविवारी त्याच आरशात, त्याच उजेडात कातडी पाहा; बहुतेकदा खाज आधी कमी होते, लाली सर्वात शेवटी जाते.
- चार आठवड्यांनी कातडी शांत झाली की तोच शाम्पू आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा चालू ठेवा. बुरशी कायमची जात नाही, फक्त ताब्यात राहते.

*पुसताना आणि तेल लावताना*

- दाढी टॉवेलने टिपून घ्या आणि मुळांपर्यंत सुकू द्या. दमटपणात खाज वाढते.
- कोरड्या कोंड्यात कातडी किंचित ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर लावा, म्हणजे ओल आत टिकते.
- मॉइश्चरायझर केसांना नव्हे, केसांखालच्या कातडीला लावा.
- तेल लावायचेच असेल तर ते फक्त कोरड्या कोंड्यात आणि तीन-चार थेंबच लावा.
- रुंद दातांचा स्वतःचा कंगवा ठेवा आणि आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवा.

*कापताना आणि सलूनमध्ये*

- उपचाराच्या चार आठवड्यांत दाढी बारीक ठेवा. शाम्पू कातडीपर्यंत सहज पोहोचतो.
- कोंडा हटतच नसेल तर एकदा दाढी पूर्ण काढा. केस नसताना सेबोऱ्हिक डर्मटायटिस पुष्कळदा निवळतो.
- ट्रिमर प्रत्येक वापरानंतर ब्रशने झाडा, आणि त्याच्या माहितीपत्रकात सांगितले असेल तसा धुवा.
- सलूनमध्ये ब्लेड तुमच्यासमोर पाकिटातून काढायला सांगा आणि टॉवेल घरून न्या.
- डाय लावण्यापूर्वी त्याचा ठिपका कानामागे लावून ४८ तास वाट पाहा. पांढरी दाढी काळी करणाऱ्या बहुतेक डायमध्ये पीपीडी असते आणि काहींना त्याची तीव्र अ‍ॅलर्जी असते.

*डॉक्टरांकडे जाताना*

- चार आठवडे नेमाने शाम्पू लावूनही फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.
- केसाच्या मुळाशी पू भरलेल्या पुळ्या येत असतील तर लवकर जा. हा केसांच्या मुळांचा जंतुसंसर्ग असू शकतो.
- कडेने वाढणारे गोल चट्टे असतील किंवा केस ओढताच सहज सुटत असतील तर त्याच आठवड्यात जा. हा दाढीतला नायटा असू शकतो आणि त्याला बहुधा पोटातून औषध लागते.
- घरी गुरे असतील आणि वासराच्या अंगावर गोल टक्कल पडले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. नायटा जनावराकडून माणसाला लागतो.
- जाड, चंदेरी, ठळक कडांचे पापुद्रे असतील तर कोपर, गुडघे आणि नखेही दाखवा; तो सोरायसिस असू शकतो.
- आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब आणि बाटली सोबत न्या, नाव आठवत बसावे लागत नाही.

काय टाळावे

*कोंडा ओळखताना*

- प्रत्येक कोंडा कोरडेपणाचा समजू नका. चिकट कोंड्याला तेल दिले की तो वाढतो.
- कोंड्याला अस्वच्छतेचे लक्षण मानून दाढी दिवसातून चार वेळा धुऊ नका. त्याने कातडी सोलवटते.
- पापुद्रे नखाने खरवडू नका. ओरखड्यातून जंतू आत जातात.
- भुवया आणि कानामागची लाली वेगळी समजून सोडू नका; ती बहुतेकदा सेबोऱ्हिक डर्मटायटिसचाच भाग असते.

*धुताना*

- दाढीला अंगाचा किंवा कपड्यांचा साबण लावू नका.
- कढत पाणी चेहऱ्यावर घेऊ नका. खाज क्षणभर थांबते आणि नंतर दुप्पट होते.
- बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नसेल तर साबण वाढवू नका. त्याचा साका कातडीवर बसतो, म्हणून बिनसाबणाचे क्लीन्झर वापरा.
- खरखरीत स्क्रब किंवा आंघोळीचा दगड गालाला लावू नका.

*औषधी शाम्पू लावताना*

- खाज थांबली म्हणून दुसऱ्या आठवड्यातच शाम्पू बंद करू नका. पापुद्रे पुन्हा धरतात.
- लवकर गुण यावा म्हणून तो रोज लावू नका. कातडी कोरडी पडून नवा कोंडा सुरू होतो.
- शाम्पू सोलवटलेल्या किंवा पाणी सुटणाऱ्या कातडीवर लावू नका.
- पांढऱ्या किंवा रंगवलेल्या दाढीला सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू विचारल्याशिवाय लावू नका. केसांचा रंग बदलू शकतो.
- केमिस्टने सुचवले म्हणून स्टिरॉइड, बुरशीचे औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब लावू नका. खाज दबते, पण नायटा आत पसरत राहतो आणि ओळखू येईनासा होतो.
- ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिले असेल तर ती डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय चेहऱ्याला लावू नका. कातडी पातळ आणि लाल होते, पुळ्या येतात.
- शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याचे मलम लावू नका. त्याचा आजार वेगळा असू शकतो.

*पुसताना आणि तेल लावताना*

- चिकट कोंड्यात रात्रभर तेल लावून झोपू नका, मग ते खोबरेल असो, ऑलिव्ह असो की बाजारातले बिअर्ड ऑइल. वनस्पती तेलांतली अनेक स्निग्धाम्ले बुरशीचे खाद्य आहेत.
- लिंबाचा रस दाढीला चोळून उन्हात जाऊ नका. कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.
- ओल्या दाढीवर हेल्मेट किंवा मास्क चढवू नका.
- घरातला टॉवेल आणि कंगवा आळीपाळीने वापरू नका.
- खाजणाऱ्या दाढीवर अत्तर किंवा स्प्रे मारू नका; वासाची द्रव्ये कातडीला डिवचतात.

*कापताना आणि सलूनमध्ये*

- कुरळ्या केसांवर उलटा वस्तरा फिरवू नका; कापलेले टोक वळून कातडीत शिरते आणि तिथे पुळी धरते.
- आत वळलेला केस सुईने उकरू नका.
- लालसर कातडीवर तुरटीचा खडा किंवा अल्कोहोलचे आफ्टरशेव्ह लावू देऊ नका. दोन्हींनी आग होते आणि कातडी कोरडी पडते.
- पुळ्या असताना सलूनच्या वस्तऱ्याखाली बसू नका; तुमचे जंतू पुढच्या माणसाला लागतात.
- ठिपका लावून पाहिल्याशिवाय डाय लावू नका, मागच्या वेळी काही झाले नसले तरीही. अ‍ॅलर्जी कोणत्याही वेळी सुरू होऊ शकते.
- डायने एकदा खाज, सूज किंवा फोड आले असतील तर काळी मेंदीही लावू नका. तिच्यात पुष्कळदा तीच पीपीडी असते.

*डॉक्टरांकडे जाताना*

- तपासणीच्या दिवशी दाढीला तेल, मलम किंवा पावडर लावून जाऊ नका. खरी कातडी दिसत नाही.
- घरी केलेले उपाय लपवू नका. स्टिरॉइड लावल्याचे कळले नाही तर निदान चुकते.
- चेहरा सुजला, डोळे मिटू लागले किंवा श्वास अडखळला तर सकाळची वाट पाहू नका. थेट रुग्णालय गाठा.
- नायट्याची औषधे चट्टा दिसेनासा झाल्यावर आपल्या मनाने थांबवू नका; ठरलेला काळ पूर्ण करा, नाहीतर तो परत येतो.