ओठांच्या मापाचं मराठी

नागपूरच्या गांधीबागेत कापडाचं दुकान असलेल्या घरात मुलीनं सांगितलं, ‘मला कार्टूनच्या डबिंगचे संवाद लिहायचेत,’ की पहिला प्रश्न येतो : म्हणजे आवाज द्यायचा का? नाही. आवाज देणारे कलाकार वेगळे असतात. त्यांच्या हातात जो कागद येतो, तो लिहिणारा वेगळा. परभाषेतल्या वाक्याचा अर्थ सांभाळून ते पडद्यावरच्या पात्राच्या तोंडात बसेल असं नव्यानं लिहायचं, हे त्याचं काम. त्याला भाषांतर म्हणणं अपुरं आहे, कारण भाषांतराला कागद पुरतो. इथे पात्राचं तोंड कधी उघडतं, कधी मिटतं, हे चित्रकारानं आधीच ठरवलेलं असतं आणि ते बदलता येत नाही.

सोपं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की सिवनी लागतं, मोगलीच्या गोष्टीतलं जंगल तिथलं. 1993 साली दूरदर्शनवर हिंदीतून आलेली ‘जंगल बुक’ मालिका मुळात जपानी होती. तिच्या शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता, हे आजच्या पालकांना पक्कं आठवत असेल. जपानी मालिकांमध्ये बहुतेक वेळा तोंडाची मोजकीच चित्रं असतात : मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. तीच आलटून पालटून दाखवतात. अशा वेळी लेखकाला वाक्य पात्राबरोबर सुरू करून पात्राबरोबर संपवायचं असतं आणि मधले थांबे पाळायचे असतात. अमेरिकी चित्रपटात मात्र आधी आवाज ध्वनिमुद्रित करतात आणि त्यावरून तोंड घडवतात. तिथे पात्राचे ओठ मुळातला एकेक उच्चार करताना दिसतात. खरी परीक्षा तिथे आहे.

एक ओळ घेऊन पाहू. लहान अस्वलाच्या बापामागे साप आहे. पिल्लू दबक्या आवाजात म्हणतं, ‘प्लीज डोन्ट मूव्ह, पापा.’ तोंडानं मोजलं तर पाच ठोके, वेळ साधारण एक सेकंद. चित्रपटात त्या एका सेकंदात 24 चौकटी जातात. सरळ भाषांतर होईल, ‘बाबा, कृपा करून हलू नका.’ हे दहा ठोके झाले. कलाकार कितीही भरभर बोलला तरी पिल्लाचं तोंड मिटल्यावरही आवाज चालूच राहील, आणि घाईत भीती हरवेल ती वेगळीच.

आता ओठ पाहा. शाळेच्या व्याकरणात प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजनं शिकवतात. त्यांच्या उच्चाराला दोन्ही ओठ मिटतात. आपल्या ओळीत ओठ चार ठिकाणी मिटतात : ‘प्लीज’च्या सुरुवातीला, ‘मूव्ह’च्या म ला आणि ‘पापा’त दोनदा. मिटलेले ओठ प्रेक्षकाला लगेच दिसतात, म्हणून आधी ते सांभाळायचे. तिथे प च्या जागी ब किंवा म आला तरी चालतो, कारण डोळ्यांना तिन्हींत फरक दिसत नाही. मग लिहून पाहू : ‘प्लीज, थांबा बाबा.’ ठोके पाच. पहिला शब्द तोच, तो मराठी मुलांच्या तोंडी रुळलेलाही आहे. ‘थांबा’तला बा ‘मूव्ह’च्या म वर पडतो आणि ‘बाबा’ बरोबर ‘पापा’वर बसतं. उणीव एकच : ‘मूव्ह’ला ओठांचा चंबू होतो, आपल्या ‘बा’ला जबडा उघडतो.

एवढ्यावर काम संपत नाही. ओळ मोठ्यानं म्हणा. बा-बा-बा असे तीन ठोके लागोपाठ येतात, आणि घाबरलेल्या प्रसंगात प्रेक्षक हसण्याची भीती असते. मी इथे ‘थांबा’नंतर बारीकसा थांबा घ्यायची खूण कागदावर करीन, अर्थात मूळ आवाजात तिथे श्वास असेल तरच. ‘प्लीज नको, बाबा’ लिहिलं तर ‘को’ला चंबू छान जमतो, पण म ला ओठ मिटत नाहीत आणि ‘नको’ म्हणजे काय नको, हे बापाला कळत नाही. दृश्यात पिल्लू दूर असेल किंवा पाठमोरं असेल, तर ‘हलू नका, बाबा’ सगळ्यांत चांगलं. ठोके सहा होतात, पण ओठ दिसतच नाहीत. तिथे अर्थाला पहिला मान. म्हणजे एकाच ओळीची तीन उत्तरं निघतात आणि निवड कॅमेरा किती जवळ आहे, यावर ठरते. नवखे लेखक हे विसरतात आणि दूरच्या दृश्यातही ओठांसाठी वाक्याचा बळी देतात.

मोजताना आणखी एक चूक सर्रास होते. ठोके लिहिलेल्या अक्षरांवरून मोजायचे नसतात. ‘करतो’ कागदावर तीन अक्षरं, तोंडात कर-तो असे दोनच ठोके. ‘बसला’चंही तसंच. लघु-गुरू मोजायची सवय असलेल्या विद्यार्थ्याचा कान इथे लवकर तयार होतो, फक्त त्यानं डोळे मिटून मोजायला हवं.

तिसरी गोष्ट हावभावांची. इंग्रजीत नकार वाक्याच्या मध्ये येतो, आपला बहुधा शेवटी. पात्र आधीच मान हलवून मोकळं झालं आणि ‘मी तुमच्याबरोबर येणार नाही’मधला ‘नाही’ नंतर आला, की ओठ जुळूनही दृश्य खोटं वाटतं. मराठीत शब्द पुढेमागे करता येतात, ही मोठी सोय. ‘नाही येणार मी!’ म्हटलं की मान आणि नकार एकत्र येतात.

नागपूरच्या मुलांकडे इथे एक भांडवल आहे. त्यांच्या कानावर घरात, बाजारात मराठी आणि हिंदी दोन्ही पडतात, वऱ्हाडीही पडते. ‘करतोय’ दोन ठोक्यांत होतं, ‘करून राहिला’ला पाच लागतात. नायकाला प्रमाण मराठी लागेल. पण एखाद्या गावरान पात्राच्या तोंडाला लांब वाक्य हवं असेल, तेव्हा हे दुसरं रूप हाताशी असणं फार मोलाचं.

पालकांच्या मनातलं आता स्पष्ट बोलू. या कामाला ठरावीक पदवी लागत नाही. मराठी, हिंदी किंवा इंग्रजी साहित्यातली पदवी उपयोगी पडते; राज्य नाट्य स्पर्धेसाठी नागपूर केंद्रावर नाटक बसवणाऱ्या एखाद्या संस्थेत काढलेलं वर्षही तितकंच. डबिंगचे स्टुडिओ मुख्यतः मुंबईत आहेत, पण लेखन घरून होतं : वेळ छापलेला व्हिडिओ आणि मूळ संहिता येते, आपण ओळी लिहून पाठवतो. 2016 च्या ‘द जंगल बुक’चे हिंदी संवाद मयूर पुरी यांनी लिहिले, हे नाव लोकांपर्यंत पोचलं, बहुतेक लेखकांची नावं पोचत नाहीत. काम सुटं मिळतं, पगार नसतो, महिने रिकामेही जातात. म्हणून सुरुवातीची वर्षं दुसरी मिळकत असू द्यावी. दुकानाचा गल्ला सांभाळून हे लेखन जमतं. आणि फी भरा, काम हमखास देऊ, असं सांगणाऱ्या वर्गापासून दूर राहा.

मुलाचा कल खरा आहे का, हे घरीच तपासता येतं. त्याला परभाषेतल्या चित्रपटातलं एक मिनिट निवडू द्या. व्हीएलसी प्लेअरमध्ये E दाबलं की चित्र एकेक चौकट पुढे सरकतं. तसं पाहत त्यानं ओठ मिटण्याच्या जागा टिपाव्यात, ओळी लिहाव्यात आणि मोबाइलवर म्हणून चित्राबरोबर लावाव्यात. मग तुम्ही दोन परीक्षा घ्या. आधी चित्र न पाहता नुसतं ऐका : हे मराठी माणूस बोलतोय असं वाटतं का? नंतर चित्रासकट पाहा : ओठांकडे लक्ष जातं का? दुसऱ्या परीक्षेत मूल नापास झालं तर सरावानं सुधारेल. पहिल्या परीक्षेत झालं, तर आधी त्याला भरपूर मराठी वाचायला आणि ऐकायला लावा. आणि तेच एक मिनिट ते कुणी न सांगता पुन्हा लिहायला बसलं, तर त्याला अडवू नका.