डीपी काढण्याआधी माल कुणाचा ते विचार

स्टॉक ऑडिटला पहिल्यांदा एकटा निघाला आहेस, म्हणून चार गोष्टी सांगतो. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचं उदाहरण घेऊ, कारण तिथे मालाचा घोळ सगळ्यात जास्त असतो.

समज, पार्टीची कॅश क्रेडिट मर्यादा २ कोटी आहे आणि खात्यावर १ कोटी ८५ लाख उचललेले आहेत. ३० सप्टेंबरच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल २ कोटींचा, सूतवाल्यांचं देणं ४० लाख आणि ९० दिवसांच्या आतली येणी १ कोटी २० लाख. सँक्शन लेटरप्रमाणे मालावर २५ टक्के आणि येण्यांवर ४० टक्के मार्जिन. मालातून देणं वजा केलं की १ कोटी ६० लाख उरतात, त्याचे पाऊण म्हणजे १ कोटी २० लाख. येण्यांचे साठ टक्के म्हणजे ७२ लाख. डीपी झाली १ कोटी ९२ लाख. कागदावर सगळं ठीक आहे. तू जातोस १८ ऑक्टोबरला.

पहिला कानमंत्र : आजचा माल मोज आणि मागे चालत जा.
तू मोजतोस तो १८ तारखेचा माल, स्टेटमेंट आहे ३० तारखेचं. मधल्या दिवसांचा हिशेब जुळवल्याशिवाय तुझ्या मोजणीला अर्थ नाही. एका क्वालिटीचं ग्रे कापड आज ४२ हजार मीटर भरलं. १ ऑक्टोबरपासून ३० हजार मीटर विणून आलं आणि २६ हजार विकलं गेलं. म्हणजे ३० तारखेला ३८ हजार असायला हवं होतं, स्टेटमेंटमध्ये मात्र ४५ हजार आहे. लगेच आरोप करू नकोस. ७ हजार मीटर कुठे आहे, ते विचार. बहुतेक वेळा उत्तर ‘प्रोसेसला गेलंय’ असं येतं. मग चलन बघ, प्रोसेसवाल्याचं शिल्लक मालाचं पत्र घे आणि जमलं तर तिथे जाऊन तागे बघून ये. त्याची प्रोसेसिंगची बिलं थकली असतील तर तो माल अडवून ठेवू शकतो, तेही रिपोर्टात लिही. बाहेर पडलेला माल डीपीत धरायचा की नाही हे सँक्शन लेटर ठरवतं.

बीमवरच्या सुताचं वजन करताना सांभाळ. सायझिंगमध्ये सुताला खळ लागते आणि वजन साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. काट्यावरचा आकडा सूत म्हणून धरलास तर नसलेलं सूत मोजशील. सायझिंगवाल्याच्या पावतीवर सूत किती गेलं ते लिहिलेलं असतं, तो आकडा घे.

दुसरा कानमंत्र : बाचक्याची चिठ्ठी वाच.
गोदामात सुताची बाचकी रचलेली असतात. संख्या मोजून बाहेर पडू नकोस. प्रत्येक थरातल्या दोन-चार बाचक्यांवरचं गिरणीचं नाव, काउंट आणि लॉट नंबर लिहून घे आणि त्या लॉटचं खरेदी बिल माग. बिल निघालं नाही आणि व्यापाऱ्याच्या नावाचं चलन निघालं, तर ते सूत खर्चीवर विणायला आलेलं आहे. ते व्यापाऱ्याचं आहे, आपल्या कर्जदाराचं नाही. वर्षाच्या विक्रीत मजुरीची बिलं दिसली की हा प्रश्न विचारलाच पाहिजे. आपल्या उदाहरणात असं सूत २२ लाखांचं निघालं.

मागच्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं शेजारी-शेजारी ठेव. एखाद्या क्वालिटीचा मीटरचा आकडा महिनोन्‌महिने हलत नसेल तर तो ढीग उतरवून बघ. घडीवर पिवळे डाग आणि धूळ असते आणि भाव मात्र पूर्ण लावलेला असतो. इथे असा माल ८ लाखांचा निघाला आणि तो डीपीतून वगळला. माल राहिला १ कोटी ७० लाख.

तिसरा कानमंत्र : माल मोजलास तसं त्याचं देणंही मोज.
डीपी फुगवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे माल सप्टेंबरमध्ये धरायचा आणि त्याचं बिल ऑक्टोबरमध्ये नोंदवायचं. सप्टेंबरचं जीएसटीआर-२बी काढ. गिरणीने आपल्या बाजूने बिल भरलेलं असतं, ते तिथे दिसतं. २७ सप्टेंबरचं २५ लाखांचं सुताचं बिल तिथे आहे आणि वहीत ३ ऑक्टोबरला आहे. सूत गोदामात होतं, म्हणजे देणंही होतं. देणं झालं ६५ लाख. आता १ कोटी ५ लाख उरले, त्यांचे पाऊण म्हणजे ७८ लाख ७५ हजार.

चौथा कानमंत्र : येण्यांचं वय कॉम्प्युटरला विचारू नकोस, बिलाला विचार.
आधी बघ, एजिंग बिलाच्या तारखेपासून काढलंय की मुदत संपल्यापासून. नंतर महिनाअखेरच्या क्रेडिट नोटा चाळ. बालोत्र्याच्या एका व्यापाऱ्याकडे १२ जूनच्या बिलाचे १८ लाख येणं होतं. ३० सप्टेंबरला त्याला ११० दिवस झाले असते. २८ सप्टेंबरला त्याची क्रेडिट नोट निघाली आणि त्याच दिवशी तेवढ्याच मीटरचं नवं बिल झालं. येणं दोन दिवसांचं झालं! मी अशा बिलाचं ई-वे बिल आणि ट्रान्स्पोर्टची पावती मागतो. राजस्थानला एवढा माल गेला असेल तर दोन्ही असणारच. नसतील तर कापड हललेलंच नाही, फक्त तारीख हलली आहे.

शिवाय १२ लाख भावाच्या फर्मकडे होते आणि सँक्शन लेटरमध्ये घरच्या फर्मची येणी धरायची नाहीत असं लिहिलं होतं. राहिली ९० लाखांची येणी, त्यांचे साठ टक्के ५४ लाख. खरी डीपी १ कोटी ३२ लाख ७५ हजार. खात्यावर उचल १ कोटी ८५ लाख. म्हणजे ५२ लाख २५ हजार जास्त उचललेले आहेत.

शेवटचा कानमंत्र : वजावट एकेक करून लिही आणि पार्टीला तोंडावर सांग.
‘स्टॉकमध्ये तफावत आढळली’ असं मोघम वाक्य लिहू नकोस. प्रत्येक वजावटीपुढे लॉट नंबर, बिल, तारीख लिही आणि पार्टीचं लेखी म्हणणं जोड. खात्यावरची शिल्लक डीपीच्या वर सलग ९० दिवस राहिली तर खातं एनपीए होतं. त्यामुळे त्याला वेळ कमी असतो आणि कोणता पैसा आधी हलवायचा हे त्याला कळलं पाहिजे.

इथे बहुतेक जण चुकीच्या टोकाला हात घालतात. डीपी वाढवायची म्हणून कॅश क्रेडिटमधून सूतवाल्याचे २५ लाख फेडतात. त्याने डीपी वाढते पावणेएकोणीस लाखांनी आणि उचल वाढते पूर्ण पंचवीसने, म्हणजे खड्डा सव्वासहा लाखांनी आणखी खोल होतो. त्याउलट, डीपीतून वगळलेली येणी वसूल झाली तर रुपयाला रुपया खातं खाली येतं, कारण ती डीपीत धरलेलीच नव्हती. बालोत्र्याचे १८ आणि भावाचे १२ लाख आले की जास्तीची उचल २२ लाख २५ हजारांवर येते. जुने तागे मिळेल त्या भावाला काढले तर आणखी थोडी कमी होते. उरलेली रक्कम मालकाला घरून आणावी लागेल, हे त्याला त्याच दिवशी स्पष्ट सांग. ऑडिट बँकेचं आहे. तरीही हा हिशेब कर्जदाराच्या हातात वेळेवर पडला तर खातं वाचायला वाव असतो.