काकांचं लिखाण काकांचंच राहू दे

पुणे

चि. सायलीस,


तुमच्या दिवाळी अंकासाठी एसटीतल्या निवृत्त वाहककाकांनी लिहिलेला लेख आणि तू सुधारलेली प्रत अशी दोन्ही पाकिटं मिळाली. दोन्ही शेजारी ठेवून वाचली. तू मेहनत घेतली आहेस, शुद्धलेखनाची एकही चूक राहिलेली नाही. तरीही ही प्रत छापायला देऊ नकोस. का ते नीट सांगायचं आहे, म्हणून फोन न करता लिहितो आहे.

सगळा लेख घेत नाही, एकच परिच्छेद घेतो. काकांनी लिहिलं होतं ते असं:

‘आमची मुक्कामाची गाडी रात्री साडेनऊला गावात पोचायची. पोचायची म्हणजे, पोचली तर. घाटात इंजिन तापलं की डायव्हर माझ्याकडं बघायचा, जसं काय मीच तिकिटं फाडून फाडून इंजिन तापवलंय. मग तो पाणी आणायला जायचा त्यामुळे वेळ लागायचा व सर्व उतारू खाली उतरायचे आणि कुणी बिडी काढायचं, कुणी लग्न जुळवायचं. माझ्या गाडीत तीन लग्नं जुळली. त्यातलं एक टिकलं नाही, पण त्याला गाडी जबाबदार नाही.’

तुझ्या हाताखालून गेल्यावर त्याचं हे झालं:

‘आमची मुक्कामी बस रात्री साडेनऊच्या सुमारास गावात पोहोचत असे. घाटात इंजिन तापल्यामुळे अनेकदा विलंब होत असे. अशा वेळी प्रवासी खाली उतरून एकमेकांशी संवाद साधत. या प्रवासात अनेक नाती जुळली आणि माणुसकीचे अनमोल क्षण अनुभवता आले.’

तुझ्या परिच्छेदात व्याकरणाची चूक काढता येणार नाही. पण त्यावरचं नाव झाकून बघ. हाच मजकूर अंकातल्या मुख्याध्यापकांच्या लेखात चालेल, ग्रामीण डॉक्टरांच्या लेखातही चालेल. काकांचा परिच्छेद मात्र मुक्कामाच्या गाडीत उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसाखेरीज कुणालाही लिहिता येणार नाही. संपादन करताना दर परिच्छेदाला ही परीक्षा घेत जा.

आता गेलं काय आणि कसं, ते बघू. ‘पोचायची म्हणजे, पोचली तर’ हे वाक्य तुला पुनरुक्ती वाटलं असणार. त्यातली माहिती ‘अनेकदा विलंब होत असे’ मध्ये आली, असा तुझा हिशेब. माहिती आली, हे खरं. पण काका आधी वेळापत्रकाप्रमाणे ठामपणे वेळ सांगतात आणि दुसऱ्याच श्वासाला ती मागे घेतात. हसू त्या दोन श्वासांच्या मधल्या जागेत आहे. दुसरा श्वास पुढच्या वाक्यात मिसळलास की ती जागा बुजते. बोलल्यासारखं लिहिणाऱ्या माणसाचा पूर्णविराम फार जपून हलवावा.

डायव्हरचं बघणं तू काढूनच टाकलंस. परिच्छेदातला तेवढाच एक चेहरा होता. तो गेल्यावर उरले नुसते ‘प्रवासी’, आणि त्यांना तू ‘संवाद’ साधायला लावलंस. काकांच्या गाडीत कुणी संवाद साधत नव्हतं. कुणी बिडी काढत होतं, कुणी लग्न जुळवत होतं. बिडी आणि लग्न एकाच दमात, एकाच मापाच्या दोन तुकड्यांत आले आहेत, म्हणून मजा येते.

आणि ‘तीन’चं तू ‘अनेक’ केलंस. मला सगळ्यात जास्त ते लागलं. वाहक मोजणारा माणूस असतो, उतारू मोजतो, तिकिटं मोजतो, रात्री पैसे मोजतो. त्याने लग्नंही मोजून ठेवली, यात त्याचा सगळा स्वभाव आहे. शिवाय तीन असली तरच ‘त्यातलं एक’ म्हणता येतं. ‘अनेक नाती’ म्हटल्यावर पुढच्या विनोदाला पाय टेकायला जागा राहत नाही, म्हणून तो तुला काढावाच लागला. नेमका आकडा, नेमकी वस्तू, नेमका माणूस काढून त्या जागी मोघम शब्द घातला, की त्याला टेकून उभं असलेलं पुढचं वाक्यही पडतं.

शेवटचं वाक्य काढण्याआधी तू त्याची एक दुरुस्ती करून पाहिली होतीस, ती समासात पेन्सिलीने दिसते: ‘त्यातील एक विवाह टिकला नसला, तरी त्यासाठी बसला जबाबदार धरता येणार नाही.’ हे मात्र फार शिकण्यासारखं आहे. ‘नसला, तरी’ म्हटल्याबरोबर वाचकाला पुढे काहीतरी येणार अशी वर्दी मिळते. काकांचं ‘टिकलं नाही’ तिथे थांबतं, क्षणभर वाईट वाटतं, आणि मग ‘पण’ येतं. शिवाय ‘गाडी जबाबदार नाही’ ही खात्याच्या चौकशीतली भाषा आहे. अपघात झाला, तक्रार आली की कोण जबाबदार हे कागदावर ठरतं. मोडलेल्या लग्नाची काकांनी तशीच चौकशी केली आणि गाडीला निर्दोष सोडलं. त्यांच्या नोकरीची भाषा त्यांच्या विनोदात उतरली आहे, आणि हीच त्यांची शैली.

म्हणजे काहीच सुधारायचं नाही का? सुधारायचं आहे, आणि याच परिच्छेदात. मधलं ‘मग तो पाणी आणायला’पासूनचं वाक्य लांबलं आहे. ‘त्यामुळे वेळ लागायचा’ हे सांगायची गरज नाही, आणि ‘व सर्व’ हे शब्द काकांच्या बोलण्यातले नाहीत, अर्जातून आले आहेत. मी एवढंच करीन: ‘मग तो पाणी आणायला जायचा. तोवर उतारू खाली उतरायचे. कुणी बिडी काढायचं, कुणी लग्न जुळवायचं.’ ‘तोवर’ हा शब्द काकांनी याच लेखात दुसरीकडे वापरला आहे, तो मी तिथूनच घेतला. जोडायला शब्द लागला तर आधी लेखकाच्याच मजकुरात शोधावा, आपल्या पदरचा घालू नये. बाकी परिच्छेदाला मी हात लावणार नाही.

पुढच्या पानावर आणखी मोठं काम आहे. तिथे ‘त्याला गाडी जबाबदार नाही’ याच घाटाचं वाक्य अजून दोनदा येतं, एकदा हरवलेल्या कोंबडीबद्दल आणि एकदा नापास झालेल्या विद्यार्थ्याबद्दल. ती दोन्ही काढ. लेखकाचा आवाज राखायचा म्हणजे त्याचं सगळंच राखायचं असं नव्हे. लग्नाच्या वाक्याचा जोर तिसऱ्यांदा तेच वाचल्यावर उरत नाही.

आणि सुरुवातीची सबंध दीड पानं काढ. ‘प्रवास म्हणजे जीवन’ असा जो मजकूर आहे, त्याला तू हात लावलेला नाहीस, कारण तो तुला शुद्ध आणि साहित्यिक वाटला. लेख लिहायचा म्हटल्यावर काका तिथे अवघडून बसले आहेत. पहिल्यांदा लिहिणारी बहुतेक माणसं अशी सुरुवात करतात, आणि पान-दोन पानांनी विसरून मोकळी बोलू लागतात. काकांचा लेख मुक्कामाच्या गाडीपासून सुरू होतो. जे काकांचं नव्हतं ते तू ठेवलंस आणि जे होतं ते घासून काढलंस.

जागेची अडचण तू चिठ्ठीत लिहिली आहेस, लेख चारशे शब्दांनी कमी करायचा आहे म्हणून. ते चारशे शब्द दर वाक्यातून दोन-दोन असे काढू नकोस. तसं केलं की पहिल्यांदा जातात ते ‘जसं काय’, ‘आपलं’, ‘बरं का’ असे छोटे शब्द, आणि बोलणं त्यांच्यावरच चालतं. सुरुवात गेली की निम्मं काम झालंच. उरलेल्यासाठी डेपोतल्या सत्काराचा प्रसंग सबंध उचल. अख्खा प्रसंग गेला तर उरलेलं जसंच्या तसं राहतं.

शुद्धलेखनाचं सांगतो. ‘पोचायची’चं ‘पोहोचत असे’ करण्यामागे तुझ्या मनात नियम होता. ऱ्हस्व-दीर्घ जरूर सुधार, ‘आणी’ लिहिलं असेल तर ‘आणि’ कर, त्याने आवाजाला धक्का लागत नाही. पण ‘केलं’चं ‘केले’ आणि ‘माझ्याकडं’चं ‘माझ्याकडे’ करताना थांब. साहित्य महामंडळाच्या नियमांतही पात्राच्या तोंडच्या भाषेला बोलीची मोकळीक आहे. इथे निवेदन करणारा स्वतःच पात्र आहे, सगळा लेख त्याच्या तोंडचा आहे. लक्ष्मीबाई टिळक घरीच लिहायला-वाचायला शिकल्या आणि ‘स्मृतिचित्रे’ त्यांनी घरात बोलावं तशी सांगितली. 1934 ते 1936 या काळात ते पुस्तक भागाभागाने आलं आणि आजही वाचलं जातं. फक्त एक पाळ: एकाच लेखात कुठे ‘केलं’, कुठे ‘केले’ अशी सरमिसळ नको. काकांचा कल ‘केलं’कडे आहे, तर शेवटपर्यंत तेच ठेव. अंकातल्या मुख्याध्यापकांचा लेख ‘केले’त असेल तर तो तसाच जाऊ दे.

जिथे अर्थच लागत नाही तिथे आपण अंदाजाने लिहायचं नाही, लेखकाला विचारायचं. ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, अडलेली जागा दाखवत आणि लेखकाकडूनच ती पुन्हा लिहवून घेत. काकांनी ‘टॉर्चच्या उजेडात वे-बिल पुरं करायचो’ असं लिहिलं आहे. तू वे-बिल काढून ‘कार्यालयीन कामकाज’ घातलंस, कारण आजच्या मुलांना ते कळणार नाही. त्यांना फोन कर, ‘काका, वे-बिल म्हणजे काय हो?’ असं विचार आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घे. त्यातलं एक वाक्य तिथे घातलंस की काम झालं. फोनवर माणसं कागदापेक्षा चांगलं सांगतात, तेव्हा वही जवळ ठेव.

त्याच फोनवर आणखी एक विचारायचं आहे, आणि हे टाळू नकोस. ते न टिकलेलं लग्न. काकांनी गावाचं नाव लिहिलं आहे, सालही लिहिलं आहे. गाव लहान आहे, अंक तिथे जाणार, आणि ती बाई कदाचित तिथेच असेल. तिला ओळखू येईल असं काही छापायचं नाही. पण त्यासाठी विनोद कापू नकोस, गावाचं नाव आणि साल काढ. घाट कुठलाही असला तरी परिच्छेदाचं काही बिघडत नाही. काकांना तेही नको वाटलं तर मात्र वाक्य जाईल, तो निर्णय त्यांचा.

मूळ प्रत परत पाठवतो आहे. हातात पेन न घेता ती एकदा मोठ्याने वाच, आणि जिथे हसू येईल तिथे समासात उभी रेघ ओढ. रेघेच्या आतलं शेवटपर्यंत शाबूत राहील असं बघ आणि बाहेरच्यावर काम कर. नवीन प्रत झाली की मला पाठवण्याआधी काकांना पाठव, आणि टाइप मोठा ठेव, त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. वाचताना ते कुठे ‘हे मी नाही बोललो’ म्हणाले, तर ती जागा खुणावून ठेव आणि मला कळव.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा